नडगीचं हाड, शेतातली माती आणि माझी कॅज्युअल्टीतली पहिली रात्र

"ऑर्थोला जेआर-वन म्हणून जॉइन होतोय, पुढच्या आठवड्यात पहिली इमर्जन्सी आहे. ओपन फ्रॅक्चरचं क्लासिफिकेशन पाठ आहे पण रात्री पेशंट समोर आल्यावर खरंच काय काय होतं आणि माणूस कुठे चुकतो? कुणी आपली पहिली रात्र सांगेल का?"

सांगते. बारा वर्षं झाली पण ती रात्र मला मिनिटामिनिटाने आठवते, कारण त्या एका रात्रीत मी तीन चुका केल्या आणि एक होता होता वाचले.

सरकारी मेडिकल कॉलेज, जिल्ह्याचं गाव, ऊसतोडीचा सीझन. रात्री पावणेअकराला १०८ आली. चाळिशीचे एक काका, मोटरसायकलवरून येत होते, पुढे उसाची ट्रॉली, मागे लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही, धडकले आणि रस्त्याकडेच्या चारीत पडले. चारीत नुकतंच पाणी सोडलेलं, म्हणजे चिखल. उजव्या पायाला गुडघ्याखाली कुणीतरी टॉवेल करकचून बांधलेला, जखमेवर मूठभर हळद, आणि हळदीच्या मधून नडगीचं हाड बाहेर डोकावतंय. पाऊल बाहेरच्या बाजूला पूर्ण वळलेलं, म्हणजे काका सरळ आढ्याकडे बघतायत आणि पाऊल भिंतीकडे.

माझी नजर हाडावरच. ही पहिली चूक, आणि तुझीही होणार, सगळ्यांचीच होते. हाड बाहेर आलेलं दिसलं की डोळा तिथून हलतच नाही. मी ग्लोव्ह्ज घालून सरळ पायाकडे गेले तर सीएमओ मॅडमनी मागून विचारलं, "श्वास कसा आहे गं? पोट बघितलंस?" बघितलंच नव्हतं. ट्रॉलीवर आदळलेला माणूस पायाने रडतो आणि प्लीहेने मरतो, असं त्या म्हणायच्या. मग परत डोक्यापासून सुरू केलं. बोलतायत म्हणजे श्वासनलिका मोकळी, छाती दोन्हीकडे सारखी हलतेय, पोट मऊ, पेल्व्हिस दाबून दुखत नाही, मानेला कॉलर लावली. पल्स ११८, बीपी १००/७०. दोन जाड सुया लावल्या, ग्रुपिंग-क्रॉसमॅचला रक्त पाठवलं, आरएल सुरू केलं, सर्जरीच्या रेसिडेंटला पोटाच्या सोनोग्राफीला बोलावलं. हे सगळं व्हायला सात-आठ मिनिटं लागतात हो, पण त्या सात मिनिटांत पाय काही पळून जात नाही.

टॉवेलचं जरा सांगते कारण आपल्याकडे हा प्रकार रोजचा आहे. लोक मदत म्हणून बांधतात, पण तो तेवढा घट्ट नसतो. धमनी बंद व्हायला जो दाब लागतो तेवढा टॉवेलने येत नाही, फक्त शिरा बंद होतात, म्हणजे रक्त खाली जातंय पण वर परतत नाही आणि जखमेतून उलट जास्त वाहतं. मी हातात गॉजचा जाड पॅड तयार ठेवला, वॉर्डबॉय मामांना टॉवेल सोडायला सांगितला आणि जखमेवर हाताने नीट दाबून धरलं. चार-पाच मिनिटांत वाहणं बऱ्यापैकी थांबलं. आत चिमटा घालून रक्तवाहिनी पकडायच्या भानगडीत पडू नकोस, त्या चिखलात तुला काहीच दिसत नसतं आणि तिच्या शेजारची नर्व्ह पकडली जाते.

मग मी पाऊल हातात घेतलं. गार. दुसऱ्या पावलापेक्षा स्पष्ट गार आणि पांढरट. पावलाच्या पाठीवरची नाडी लागेना, घोट्यामागची लागेना. अंगठ्याचं नख दाबून सोडलं तर रंग परत यायला चार-पाच सेकंद. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात हात लावला तर म्हणाले, "कळतंय ताई, पण बधिर वाटतंय." बोटं थोडी वर उचलता येत होती. हे सगळं वेळेसकट केस पेपरवर लिहिलं. ही एक गोष्ट मी त्या रात्री बरोबर केली, कारण पाय सरळ करायच्या आधी काय होतं हे लिहिलेलं नसेल तर नंतर बधिरपणा अपघाताने आला की तुझ्या ओढण्याने, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि केस एमएलसी असते, कागद कोर्टात जातो.

सीनियरला फोन केला. जेआर-थ्री सर, नुकतेच झोपलेले. मी सुरू केलं, "सर, ओपन टिबिया आहे, ग्रेड टू वाटतंय, जखम चार सेंटिमीटर, एक्स-रे पाठवते आणि..." त्यांनी मधेच तोडलं. "पल्स आहे का?" मी म्हटलं नाही. "मग एक्स-रे कशाला पाठवतेस? आधी सरळ कर. मी येतो."

आता इथे माझे हातपाय गार पडले. कारण हाडाचं टोक बाहेर, त्याला चिखल लागलेला, आणि पाय ओढला की ते टोक चिखलासकट आत जाणार. पुस्तकात तर घाण आत ढकलू नका असंच डोक्यात बसलेलं असतं. सर पाच मिनिटांत आले, चपला उलट्यासुलट्या, आणि त्यांनी एका वाक्यात सोडवलं: घाण ओटीमध्ये धुता येते, मेलेला पाय धुता येत नाही. टोकावरचा सुटा चिखल, गवताच्या काड्या, हळदीचे गोळे एवढं हाताने आणि ओल्या गॉजने काढायचं, सलाइन थोडं ओतायचं, बस. कॅज्युअल्टीत जखम खसाखसा धुवायची नाही, बोट घालून आत शोधायचं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढायचा नाही. आणि हाड बाहेर होतं, ते आपण आत घेतलं, हे ठळक लिहायचं, म्हणजे ओटीत जो उघडेल तो ते टोक बाहेर काढून नीट साफ करेल.

त्याआधी फोटो. डिपार्टमेंटच्या फोनवर, पेशंटला विचारून, चेहरा न येता, शेजारी स्केल धरून दोन फोटो. हा फोटो शोसाठी नसतो. तो नसला की रात्रभर जो येतो तो, लेक्चरर, भूलतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जरीवाला, प्रत्येक जण "बघू" म्हणून ड्रेसिंग उघडतो, आणि प्रत्येक वेळी कॅज्युअल्टीतले हॉस्पिटली जंतू आत जातात. ते शेतातल्या जंतूंपेक्षा वाईट. एकदा झाकलं की थेट ओटीतच उघडायचं.

भूलच्या रेसिडेंटने मॉनिटर लावून थोडं केटामिन दिलं. सरांनी मांडी धरली, गुडघा किंचित वाकवला, आणि मला म्हणाले तू ओढ. मी एका हाताने टाच आणि दुसऱ्याने पावलाची पाठ धरली. झटका द्यायचा नसतो, पायाच्या लांबीच्या दिशेने हळूहळू वजन टाकत जायचं आणि ओढ तशीच ठेवून पाऊल फिरवून गुडघ्याच्या रेषेत आणायचं. माझं वजन तेव्हा अठ्ठेचाळीस किलो, नातेवाईक दारातून बघत म्हणतायत "सिस्टरला जमणार नाय, मोठ्या डॉक्टरला बोलवा". (पहिली दोन वर्षं मी सिस्टरच होते सगळ्यांसाठी.) जमलं. ताकद लागत नाही, सलग ओढ लागते. हाताखाली खरखर लागली आणि टोक डुबकन आत गेलं. तो आवाज मी विसरणार नाही.

आणि मग आम्ही दोघं गप्प उभे, सरांचं बोट पावलाच्या पाठीवर. अर्धा मिनिट गेला असेल. "ये, बघ." माझं बोट ठेवलं, बारीक पण नक्की, ठक ठक. पाच मिनिटांत पाऊल गुलाबी झालं. काकांची नाडी खरं तर तुटलेलीच नव्हती, वळलेल्या पायात मुरगळून बंद झाली होती, नळीला पीळ पडला की पाणी बंद होतं तसं. सरळ करूनही आली नसती तर लगेच डॉप्लर, व्हॅस्क्युलर सर्जनला फोन, आणि मग घड्याळ वेगळं चालतं, पहिल्या तीन-चार तासांत रक्त परत पोचवायला लागतं, सहा तासांनंतर स्नायू मरायलाच लागतात.

सलाइनमध्ये भिजवलेला गॉज, वर कोरडा पॅड, सॉफ्ट रोल, मांडीच्या मध्यापासून बोटांपर्यंत मागून प्लास्टरचा स्लॅब. गुडघा किंचित वाकलेला, घोटा काटकोनात, बोटं उघडी. परत नाडी, परत संवेदना, परत वेळ टाकून लिहिलं. मग एक्स-रे.

आता दुसरी चूक, आणि ही सगळ्यात महागाची. पेशंट आला तेव्हाच मी केस पेपरवर लिहिलं होतं, इंजेक्शन सेफाझोलिन २ ग्रॅम आयव्ही स्टॅट, खाली जेंटामायसिन वजनाप्रमाणे, खाली टिटॅनस. लिहिलं आणि माझ्या डोक्यातून ते झालं. एक्स-रेवरून परत आलो तेव्हा पावणेबारा, सर म्हणाले अँटिबायोटिक किती वाजता गेलं? मी सिस्टरकडे बघितलं, सिस्टरने चिठ्ठीकडे. कॅज्युअल्टीच्या कपाटात स्टॉक संपलेला, काकांच्या भावाला बाहेरच्या मेडिकलमध्ये पाठवलेलं, आणि तो बिचारा गेटवर पोलिसांना जबाब देत उभा, इंजेक्शनची पिशवी हातातच. मी "दिलं" समजत होते ते त्या पिशवीत होतं.

हे का महत्त्वाचं ते सांगते. उघड्या टिबियात इन्फेक्शन होणार की नाही यात आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिल्या डोसची वेळ. एका तासाच्या आत जायला हवा असं सगळीकडे सांगतात, आणि आपल्याकडे पेशंट पोचेपर्यंतच तो तास बऱ्याचदा संपलेला असतो. ऑपरेशन दोन तास उशिरा झालं तर एवढं बिघडत नाही, पण डोस उशिरा गेला तर जंतूंना हाडावर बस्तान बसवायला वेळ मिळतो. तेव्हापासून माझ्या युनिटमध्ये नियम आहे, ऑर्डर लिहिल्याची वेळ नाही, सुईतून आत गेल्याची वेळ लिहायची, आणि पहिला डोस ट्रेमध्ये आधीच ठेवलेला असतो, नातेवाइकाच्या पायावर अवलंबून नाही. अ‍ॅलर्जी मात्र विचार, आणि जेंटामायसिनच्या आधी लघवी होतेय का ते बघ, बीपी पडलेल्या माणसाची किडनी आधीच नाराज असते.

शेतातली माती, गोठा, गटार, यात काही असलं की अजून एक औषध वाढतं, गॅस गँगरीनच्या जंतूंसाठी पेनिसिलिन किंवा मेट्रोनिडाझोल, तुमच्या हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलमध्ये जे असेल ते. टिटॅनसचं पण तसंच. काकांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं आठवत नव्हतं, म्हणून एका दंडात टॉक्सॉइड आणि दुसऱ्या बाजूला इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट. दोन्ही एकाच जागी देत नाहीत. नुसतं टॉक्सॉइड देऊन मोकळे होणारे खूप बघितलेत, त्याने संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, आज रात्री त्याचा उपयोग नसतो.

ग्रेड टू बद्दल सरांनी नंतर चहावर घेतलं मला. गस्टिलो आणि अँडरसन यांचं १९७६ चं वर्गीकरण आपण सेंटिमीटरने पाठ करतो, एकपर्यंत पहिला, त्यावर दुसरा, दहाच्या वर तिसरा. पण जखमेची लांबी हे फक्त दार आहे, घर आत किती पडलंय ते दारावरून कळत नाही. शेतातल्या मातीची जखम, किंवा हाडाचा चुरा करणारा जोराचा मार, हे जखम दोन सेंटिमीटर असली तरी तिसऱ्यातच धरायचं. एक्स-रेत टिबियाचे चार-पाच तुकडे होते, तेवढ्यानेच कळायला हवं होतं मला. आणि खरा ग्रेड ओटीत साफ केल्यानंतरच लिहायचा, कॅज्युअल्टीत फक्त वर्णन लिही.

ओटी रिकामी नव्हती. सर्जरीवाल्यांचं आतडं फुटलेलं पेशंट टेबलवर, आमचा नंबर पहाटे. काका कॅज्युअल्टीच्याच कोपऱ्यात, मी दुसऱ्या पेशंटांत. अडीचला सिस्टर म्हणाल्या, "तो पायवाला खूप ओरडतोय, ट्रामाडॉल परत देऊ का?" मी हो म्हणणारच होते. मोडलंय म्हटल्यावर दुखणारच ना. ही ती होता होता वाचलेली चूक. वाचले कारण सिरिंज भरेपर्यंत सहज पायाशी गेले आणि अंगठा धरून वर केला, अगदी हळू, आणि काका कॉटवरून उठून बसले. पोटरीत कळ गेली म्हणाले. आणि दुखणं बाराला होतं त्यापेक्षा वाढलेलं होतं. नीट बांधलेला मोड औषधाने शांत होत जातो, वाढत नाही.

माझ्या डोक्यात होतं की जखम उघडी आहे म्हणजे आतला दाब निघून जात असणार. साफ चूक. पायात गुडघ्याखाली चार वेगवेगळे कप्पे असतात, समोरची जखम त्यातला फार तर एक अर्धवट उघडते, बाकीचे बंदच. आणि नाडी बघून निर्धास्त होऊ नकोस, कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे बंद कप्प्यात सूज कोंडून दाब वाढतो तेव्हा, स्नायू मरत असताना नाडी मस्त लागते, ती जाते ती अगदी शेवटी.

सरांना फोन लावत लावतच कात्री घेतली. बँडेज कापलं, खालचा सॉफ्ट रोल पण कापला, रक्ताने भिजून वाळलेला रोल पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि नुसतं वरचं बँडेज कापून काही होत नाही, कातडी दिसेपर्यंत कापायचं. पाय उशांवर उंच ठेवला होता तो खाली घेऊन छातीच्या पातळीला आणला, कारण फार उंच ठेवलं की आत रक्त पोचायला अजूनच जड जातं. जखमेवरचा गॉज तसाच ठेवला. पंधरा मिनिटांनी परत अंगठा वर केला, दुखलं पण तोंड वाकडं करण्याइतकंच. सर तोवर शेजारी उभे होते, पोटरी चारही बाजूंनी दाबून बघत होते, मऊ होती. आमचा रोलच घट्ट झाला होता. कमी झालं नसतं तर त्याच मिनिटाला, दुसऱ्याचं टेबल थांबवून, चारही कप्पे उघडायला नेलं असतं. त्यानंतर पहाटेपर्यंत मी दर अर्ध्या तासाने अंगठा धरत होते, काका म्हणाले, "ताई, आता झोपू द्या की."

पाचला ओटी. टूर्निकेट बांधला पण फुगवला नाही, कारण रक्त येतं की नाही यावरूनच जिवंत-मेलेलं ओळखायचं असतं. सरांनी चार सेंटिमीटरची जखम वरखाली वाढवून जवळजवळ वीतभर केली. मला वाटलं होतं तेवढा पसारा कुठे असणार आत, तर हाडाच्या पोकळीत, टोकापासून दोन इंच आत, चिखलाची अख्खी गुळी निघाली आणि त्यात उसाच्या पाचटाचा एक तुकडा. मी कॅज्युअल्टीत टाके घालून ती जखम बंद केली असती ना, आणि बाहेरून तशा शिवून पाठवलेल्या केसेस आजही येतात, तर ते पाचट आतच राहिलं असतं. स्नायू एकेक चिमट्याने धरून बघायचा, रंग कसा, कापलं की रक्त येतं का, चिमटीत आकसतो का, पोत घट्ट की पिठूळ. जो आकसत नाही तो काढायचा. सुटे, मांसाला न चिकटलेले हाडाचे तुकडे पण काढायचे, जीव कितीही खालीवर झाला तरी. मग नऊ लिटर सलाइन, साध्या दाबाने. अर्ध्या लिटरच्या अठरा बाटल्या, आणि त्या टांगणं-बदलणं हे जेआर-वनचं काम, माझे खांदे दोन दिवस दुखत होते. बाहेरून एक्स्टर्नल फिक्सेटर, जखम उघडीच ठेवून ड्रेसिंग, अठ्ठेचाळीस तासांनी परत आत बघायचं ठरलं. हाडावरचं आवरण सोलवटलेलं आणि वर झाकायला कातडी नाही, म्हणून कागदावर शेवटी लिहिलं गेलं ३ बी.

ओटीत जायच्या आधी काकूंनी विचारलं होतं, पाय राहील ना? मी पटकन "हो हो, काही काळजी करू नका" म्हणाले, तिसरी चूक, आणि सरांनी तिथेच मला बाजूला करून त्यांना बसवून सांगितलं की पाय आज जिवंत आहे, जखम मातीची आहे, दोन-तीन ऑपरेशनं लागतील, मांसाचा तुकडा फिरवून लावावा लागेल, हाड जुळायला वर्षही लागू शकतं, पू झाला तर अजून लांबेल. त्या रडल्या, पण नंतर सहा महिन्यांत एकदाही भांडल्या नाहीत.

चौथ्या दिवशी प्लास्टिकवाल्यांनी पोटरीचा सोलियस स्नायू फिरवून हाड झाकलं, त्याच वेळी फिक्सेटर काढून रॉड टाकला. पाचव्या महिन्यात हाड जुळायचं नाव घेईना म्हणून कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट. अकराव्या महिन्यात काका काठीशिवाय ओपीडीत आले, घोटा जरा आखडलेला, खाली मांडी घालून बसता येत नव्हतं. बेचक्यातला बधिरपणा मात्र गेला होता. मी सवयीने अंगठा वर करून बघितला, तर म्हणाले, "अजून सोडत नाय होय तुम्ही त्याला?"